पाटणचा मठ, बीदरचा मदरसा आणि ऊसतोडीला गेलेली मुलं

माझी भाची सध्या बी.एड. करतेय. दिवाळीनंतर तिचा छात्रसेवाकाल सुरू झाला. वाट्याला आली आमच्याच तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिल्या आठवड्यात ती घरी आली ती दोन तक्रारी घेऊन. पहिली तक्रार अशी की सातवीच्या वर्गातले अर्धे बाक रिकामे आहेत, कारण मुलं आई-बापांसोबत कारखान्यावर गेलीत. दुसरी तक्रार कागदाची होती. ‘शिक्षणाचा इतिहास’ या विषयासाठी तिला एक पेपर लिहायचा होता, विषय होता प्राचीन निवासी, गुरुकेंद्री शिक्षण आणि आजच्या अध्यापनाला त्यातून काय घेता येईल.

तिच्या गाईडमध्ये या विषयाला तीन चौकटी होत्या. वैदिक शिक्षण, बौद्ध शिक्षण, मुस्लिम शिक्षण. प्रत्येकाखाली उद्दिष्टं, गुण आणि दोष. पहिल्या चौकटीत गुण जास्त, तिसऱ्या चौकटीत दोष जास्त. ती म्हणाली, ‘मामू, हे पाठ करून मार्क मिळतील. पण माझ्या वर्गातल्या त्या रिकाम्या बाकांचं याच्यात काहीच नाही.’

मी तिला म्हटलं, गाईड बाजूला ठेव. आपल्याच मुलखातल्या दोन जागा घेऊ. एक पाटण, दुसरी बीदर. या दोन जागांवर आम्ही दोन रात्री बोललो, त्यातून हा लेख झाला.

पाटण म्हणजे चाळीसगावजवळचं, आजचं पाटणादेवी. डोंगराच्या कुशीत, अभयारण्यात. तिथल्या एका पडक्या देवळात एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो शोधला आणि जगापुढे आणला. लेख 1207 चा, यादवांच्या काळातला. बहुतांश संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा.

लेखात भास्कराचार्यांचं घराणं सांगितलंय. भास्कराचार्य म्हणजे ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ लिहिणारे. जन्म 1114 चा. ‘सिद्धांतशिरोमणी’ त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 मध्ये पूर्ण केला. त्यांनी आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड असं सांगितलंय. हे विज्जडविड नेमकं कोणतं, यावर वाद आहे. काहींनी ते पाटणजवळ शोधलं, काहींनी विजापूर सांगितलं, तर काहींनी नावाच्या सारखेपणावरून आमचं बीड. बीडकर म्हणून मला शेवटचं मत आवडेल, पण नावाच्या सारखेपणावर इतिहास उभा राहत नाही. वाद मिटलेला नाही, एवढंच खरं.

वाद नाही तो पाटणच्या मठाबद्दल. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारात गेला. त्याचा मुलगा चांगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवानं पाटणला एक मठ काढला. त्याचा उद्देश शिलालेखात स्पष्ट आहे : आजोबांचे ‘सिद्धांतशिरोमणी’सारखे ग्रंथ आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत. म्हणजे ही ठरावीक पुस्तकं शिकवण्यासाठी काढलेली शाळा होती.

शाळा काढली, तर ती चालणार कशावर? इथे मराठी भाग बोलू लागतो. तिथला स्थानिक राजा सोइदेव निकुंभ यानं ग्रहणाच्या मुहूर्तावर मठाला दान दिलं. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा त्यानं मठाला दिला. प्रत्येक तेलघाण्यामागे एक पळी तेल मठाचं. बाजारात जे मापायचं ते मठाच्या मापानं मापायचं, आणि मापाईचा पैसा अर्धा मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.

भाचीनं हे ऐकून विचारलं, ‘म्हणजे बाजार शाळा पोसत होता?’ अगदी तसंच. गाईडात गुरुकुल म्हटलं की झाडाखाली बसलेले ऋषी आणि भिक्षा मागणारे शिष्य दिसतात. प्रत्यक्षात तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे कुणीतरी बसून हिशोब केला होता, की गणित शिकणाऱ्या पोरांच्या दिव्याला तेल कुठून येणार. आणि ते राजाच्या मर्जीवर न सोडता रोजच्या व्यवहाराला बांधून दिलं होतं. बाजार भरेल तोवर मठ जेवेल.

आता बीदरला येऊ. अंबाजोगाईहून सकाळी निघालात तर पाहून रात्री परत येता येतं. बहमनी वजीर महमूद गवान गीलानहून व्यापारी म्हणून दख्खनमध्ये आला आणि इथलाच झाला. 1472 च्या सुमारास त्यानं तिथे मदरसा बांधला. तीन मजली इमारत, मधे चौक, बाजूनं शिकवण्याची दालनं, विद्यार्थ्यांसाठी छत्तीस खोल्या आणि जवळपास तीन हजार ग्रंथांचं ग्रंथालय. राहणं आणि जेवण मोफत. दूरदूरच्या विद्वानांना गवाननं पत्रं लिहून बोलावलं. त्याला ठाऊक होतं की इमारत ही दुसरी गोष्ट आहे, पहिली गोष्ट उस्ताद.

1481 मध्ये एका बनावट पत्राच्या कटात सुलतानानं गवानचा शिरच्छेद केला. मदरसा मात्र त्याच्यामागेही उभा राहिला. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि समोरची एक बाजू उडाली. आज दोनपैकी एकच मिनार उभा आहे. ज्या इमारतीत पुस्तकं होती, तिथे दारूगोळा ठेवला गेला. बाजार ओस पडला तसा पाटणचा मठही गेला. आज पाटणला जंगल आहे.

दोन्ही जागा शेजारी ठेवल्या तर गाईडातल्या चौकटी गळून पडतात. एकीकडे संस्कृत, दुसरीकडे अरबी-फारसी. पण बांधणी एकच : एक ग्रंथ, तो जाणणारा एक गुरू, त्याच्याजवळ राहणारे विद्यार्थी आणि त्यांच्या भाकरीची आधीच केलेली सोय. भाकरीची गोष्ट तर अगदी खालपर्यंत सारखी होती. आपल्याकडे गरीब ब्राह्मण विद्यार्थी वाराने जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आमच्या मोहल्ल्यात मी लहान असताना मशिदीतल्या मौलवीसाहेबांचा डबा असाच पाळीनं घराघरांतून जायचा. आमची पाळी असली की अम्मी त्या दिवशी सालन जरा जपून करायची.

आता मुख्य प्रश्न. तिथे शिकवत कसे होते? ‘पाठांतर’ एवढं म्हणून गाईड मोकळं होतं. ‘लीलावती’ उघडून पाहिली की कळतं, ते उत्तर अर्धवट आहे.

त्यातलं एक प्रसिद्ध उदाहरण माझ्या शब्दांत सांगतो. नऊ हात उंच खांब आहे. त्याच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबावर मोर बसलाय. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर मोर सापाला गाठेल?

भास्कराचार्यांचा नियम फार छोटा आहे. खांबाच्या वर्गाला अंतरानं भागा, आलेलं उत्तर अंतरातून वजा करा, उरलेल्याचं निम्मं करा. म्हणजे नवाचा वर्ग एक्याऐंशी. भागिले सत्तावीस, आले तीन. सत्तावीसातून तीन गेले, चोवीस. निम्मे बारा. उत्तर बारा हात. पडताळा घ्या : नऊ आणि बारा या बाजू असतील तर कर्ण पंधरा. मोर पंधरा हात उडाला. साप सत्तावीसातून बारा वजा केले तेवढाच, म्हणजे पंधराच हात चालला. जुळलं.

पण असं का केलं? सूत्र ते सांगत नाही. सूत्र पद्यात आहे, आखूड आहे, पाठ करायला सोपं आहे, आणि मुद्दाम मुकं आहे. ‘का’चं उत्तर गुरूच्या तोंडी असायचं. त्याला उपपत्ती म्हणत. इथली उपपत्ती अशी की मोराची झेप आणि बिळापासूनचं अंतर यांची बेरीज सत्तावीस आहे, कारण मोर जितका उडाला तितकाच साप चालला. पायथागोरसच्या नियमानं झेपेच्या वर्गातून त्या अंतराचा वर्ग वजा केला तर खांबाचा वर्ग उरतो, एक्याऐंशी. दोन संख्यांच्या वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. बेरीज सत्तावीस, म्हणून वजाबाकी तीन. बेरीज आणि वजाबाकी कळली की दोन्ही संख्या कळतात : पंधरा आणि बारा.

हे सगळं धूळपाटीवर व्हायचं. फळीवर धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं आकडे काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. अंकगणिताला ‘पाटीगणित’ म्हणतात ते याच पाटीवरून, आणि ‘धुळाक्षरे गिरवणे’ आपण अजून म्हणतो. धुळीवरचा आकडा पुसला जातो, म्हणून पायऱ्या डोक्यात ठेवाव्या लागतात आणि चूक झाली तर लाजही वाटत नाही.

तेव्हा ग्रंथ पाठ करायचा, पण समज गुरूच्या शेजारी बसूनच यायची. ‘गुरुकेंद्री’ या शब्दाचा अर्थ मला इथे कळतो. पुस्तक अशा रीतीनं लिहिलेलं की माणसाशिवाय ते उघडतच नाही. आजच्या गाईडचं उलट आहे. त्यात ‘का’ सोडून सगळं छापलेलं असतं, म्हणून ‘का’ विचारायला कुणी उठत नाही.

ही पद्धत बिघडायची तीही इथेच. उपपत्ती सांगणारा गुरू गेला आणि सूत्र तेवढं उरलं, की पिढ्यानपिढ्या फक्त घोकणं चालतं. बिघाड ओळखायचा कसा? भाचीनं वर्गात करून पाहावं म्हणून मी तिला एक साधी युक्ती दिली. आकडे बदल. खांब आठ हात, अंतर सोळा. नियम घोकलेला मुलगाही सहा हे उत्तर काढेल. मग खांब नऊ आणि अंतरही नऊ दे. उत्तर शून्य येतं. आता विचार, शून्य म्हणजे काय? समजलेला मुलगा म्हणेल, मोर सरळ खाली उतरला आणि बिळाच्या तोंडाशीच साप सापडला. शेवटी खांब बारा आणि अंतर नऊ दे. एकशे चव्वेचाळीस भागिले नऊ, सोळा. नवातून सोळा जात नाहीत. घोकणारा इथे अडतो. समजलेला हसतो, कारण साप बिळात गेलेला असतो.

मदरशातही घोकणं होतं, मी स्वतः त्यातून गेलोय. मकतबात कायदा आणि पारे मी अर्थ न कळता म्हटले, चुकलो तर छडीही खाल्ली. ते भलं होतं असं मी म्हणणार नाही. पण वरच्या वर्गांत, जिथे किताबा शिकवतात, तिथे तीन पायऱ्यांची एक वहिवाट आहे. ती अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या दर्स-ए-निजामीच्या मदरशांत आजही चालते. आदल्या रात्री उद्याचा भाग स्वतः वाचून अडखळायचं, त्याला मुताला म्हणतात. सकाळी एकानं मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि उस्तादांनी तो उलगडायचा, तो सबक. संध्याकाळी मुलांनी गोल करून बसायचं आणि त्यातल्याच एकानं सकाळचा सबक बाकीच्यांना पुन्हा शिकवायचा, त्याला तकरार. उर्दूत तकरार म्हणजे भांडणही, आणि ऐकणाऱ्याला ते भांडणच वाटतं.

यातली तकरार निवासाशिवाय जमत नाही. पाचच्या घंटेला सगळे घरी गेले तर संध्याकाळी कोण कुणाला शिकवणार? निवासी शाळेचा खरा फायदा शिस्त नाही, ही संध्याकाळ आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या दोन्ही परंपरांत इयत्ता नव्हती, ग्रंथ होता. मुलगा आजारी पडला, सुगीला घरी गेला, तर परत आल्यावर तो तिथूनच सुरू करायचा जिथे त्याचा धडा थांबला होता. सबक विद्यार्थ्यासाठी थांबत असे. किताब पूर्ण झाली की उस्ताद तीच शिकवायची इजाजत देत, आणि त्या इजाजतीत उस्तादाचं नाव असे, संस्थेचं नंतर.

इथे मी भाचीला तिच्या रिकाम्या बाकांची आठवण करून दिली. आमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागताना परततात. पाच-सहा महिन्यांत शाळा वर्गमूळ, समीकरणं, भूमिती करून पुढे गेलेली असते. परतलेलं पोर त्याच बाकावर बसतं, पण वर्ग त्याच्यासाठी थांबलेला नसतो. आठवीपर्यंत त्याचं नाव पटावर राहतं. मग एक दिवस तेही कोयता घेतं. लोक म्हणतात, त्याला शिक्षणाची आवड नव्हती.

शासनानं यावर हंगामी वसतिगृहं काढली. आई-बाप गेले तरी मूल आजी-आजोबांजवळ गावातच राहतं आणि शाळेत त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते. कल्पना पाटणच्या मठाचीच आहे : आधी भाकर बांधून द्या. पण तेलाची पळी जशी घाण्याला बांधलेली होती तशी इथे काही बांधलेलं नाही. निधी उशिरा आला की स्वयंपाकही उशिरा सुरू होतो, आणि टोळी तर मुहूर्तावर निघून गेलेली असते. साखर कारखाना हाच आमचा आजचा बाजार आहे. गाळलेल्या उसाच्या टनामागे काही ठरावीक पैसे थेट तोडणाऱ्याच्या गावातल्या वसतिगृहाला का बांधून देऊ नयेत? सोइदेवानं आठशे वर्षांपूर्वी घाण्यावर केलं, ते चरकावर करता यायला हवं.

भाचीच्या हातात निधी नाही. तिच्या हातात संध्याकाळ आहे. वसतिगृहात जेवायला येणाऱ्या मुलांना तिनं जेवणाआधी तासभर गोल करून बसवायला सुरुवात केली. सकाळचा धडा त्यांच्यातलाच एक जण सांगतो. प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर तिनं लिहून ठेवलंय, कोणाचा सबक कुठे थांबलाय. एप्रिलमध्ये जी मुलं परततील त्यांच्याही वह्या तिनं करून ठेवल्यात.

हे सगळं सांगताना एक गोष्ट लपवली तर तो इतिहास होणार नाही. पाटणच्या मठाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. घाणा चालवणाऱ्याची पळी मठात गेली, त्याचं पोर गेलं नाही. बीदरच्या छत्तीस खोल्यांत विणकराची मुलगी राहिली नाही. ‘लीलावती’चं नाव मुलीचं आहे, पण ती शिकणारे मुलगे होते. गुरूचा शब्द अखेरचा असायचा, त्यामुळे चुकलेला गुरू दुरुस्त करायला कुणी नव्हतं. माझी भाची आज त्या वर्गात उभी आहे, ती सावित्रीबाई आणि फातिमाबी शेख यांच्यामुळे, चांगदेव किंवा गवान यांच्यामुळे नाही. म्हणून त्या परंपरेतून भाकर, ‘का’ आणि थांबणारा सबक घ्यावा, दारावरचा पहारा तिथेच सोडावा.

पहारा असूनही ग्रंथ मात्र भिंती ओलांडून गेले. 1587 मध्ये अकबराच्या हुकमानं फैजीनं ‘लीलावती’ फारसीत आणली. शाहजहानच्या काळात, 1634-35 च्या सुमारास अताउल्लाह रशीदीनं ‘बीजगणित’ फारसीत आणलं. हा अताउल्लाह म्हणजे ताजमहालाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. औरंगाबादच्या बीबी-का-मकबऱ्याच्या दारावर ज्या अताउल्लाहचं नाव कोरलंय तोही हाच. सह्याद्रीच्या पायथ्याचा ग्रंथ फारसीत गेला, आणि तो तिकडे नेणाऱ्याचे हात पुन्हा मराठवाड्यात येऊन घुमट बांधून गेले.

हा परिच्छेद गाईडच्या कोणत्या चौकटीत टाकायचा, असं भाचीनं विचारलं. मी म्हटलं, रेघा पुसून टाक. धूळपाटी आहे असं समज. तिनं पेपर तसाच लिहिलाय, चौकटींशिवाय. मार्क किती मिळतील ते माहीत नाही. परवा तिचा फोन आला होता. मोर-सापाच्या गणितात बारा आणि नऊ टाकल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी हसली म्हणे. तिचे आई-बाप कोयत्यावर आहेत. ती आजीजवळ राहते.